ठोकळा कधी घसरतो?

आमच्या घरी रेकॉर्ड प्लेअर होता. त्याच्या बाजूला एक छोटी खटकी होती आणि तिच्याशेजारी तीन आकडे कोरलेले होते : ३३, ४५, ७८. वडील घरात नसले की मी तबकडीवर पाच पैशाचे नाणे ठेवून ही खटकी सरकवत असे. ३३ला नाणे मुकाट्याने फिरे. ४५लाही फिरे. ७८ला मात्र ते काठाकडे सरकत जाऊन कपाटाखाली नाहीसे होई. नाणे मध्याजवळ ठेवले तर ७८लाही टिकते, हे माझ्या ध्यानात आले होते. याचे कारण कोणाला विचारले तर उत्तर ठरलेले असे : वेग वाढला की वस्तू बाहेर फेकली जाते.

पुढे मी भौतिकशास्त्र शिकलो आणि एका कनिष्ठ महाविद्यालयात तेच शिकवून निवृत्त झालो. ‘बाहेर फेकली जाते’ ही भाषा मी वर्गात कधी चालू दिली नाही. जमिनीवर उभे राहून पाहणाऱ्याला नाण्यावर बाहेर ढकलणारे कोणतेही बल दिसत नाही. नाणे गोल फिरते याचा अर्थ त्याची दिशा क्षणोक्षणी केंद्राकडे वळवली जाते, आणि वळवणारे बल एकच, तबकडीचे घर्षण. घर्षण कमी पडले की नाणे वळायचे राहते आणि तबकडी त्याच्याखालून वळून पुढे जाते. केंद्रापासून १२ सेंटीमीटरवर, ३३च्या वेगाला, नाण्याला केंद्राकडे जे त्वरण लागते ते गुरुत्वीय त्वरणाच्या, म्हणजे g च्या, जेमतेम ०.१५ पट असते. ७८ला ते ०.८ पटीवर जाते. नाणे आणि रबरी चकती यांच्यातले घर्षण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी संपते. नाण्याचे वजन हिशोबात येतच नाही, कारण वजन दुप्पट केले तर गरजही दुप्पट होते आणि घर्षणही.

इथवर मी बरोबर होतो. चूक याच्या पुढच्या पायरीवर झाली आणि ती एका विद्यार्थिनीच्या उत्तरपत्रिकेवर लाल शाईने उमटली.

२००९ सालच्या पूर्वपरीक्षेला मी एक उदाहरण घातले होते. आडवी तबकडी स्थिर आहे. केंद्रापासून १५ सेंटीमीटरवर एक छोटा लाकडी ठोकळा ठेवला आहे आणि दोहोंमधला घर्षण गुणांक ०.४ आहे. तबकडी स्थिर कोनीय त्वरणाने, सेकंदाला २० रेडियन दर सेकंद या दराने, वेग घेऊ लागते. ठोकळा घसरायला लागेपर्यंत तबकडी किती अंशांतून फिरलेली असेल? माझे नमुना उत्तर सरळ होते. घर्षण जास्तीत जास्त ०.४ गुणिले ९.८, म्हणजे ३.९२ एवढे त्वरण देऊ शकते. (एकक मीटर प्रति सेकंद वर्ग, पुढे ते पुन्हा लिहीत नाही.) केंद्राकडची गरज ३.९२ला पोचली की ठोकळा घसरला. कोन येतो ३७ अंश.

तिचे उत्तर २४ अंश होते. आकृतीत तिने ठोकळ्यावर दोन बाण काढले होते, एक केंद्राकडे आणि दुसरा पुढे, तबकडी ज्या दिशेने फिरते तिकडे. खाली लिहिले होते, ‘घर्षण एकच आहे’. मी पाचपैकी दोन गुण दिले. पेपर दाखवायच्या दिवशी ती म्हणाली, “सर, ठोकळा नुसता वळत नाही ना, वेगही घेतोय. तो वेग त्याला कोण देतंय?” मी म्हणालो, “ते अगदी किरकोळ असतं गं. ते धरायचं नाही.” तिने मान हलवली आणि ती जागेवर जाऊन बसली.

तिचा प्रश्न योग्य होता. तबकडी एकाच वेगाने फिरत असेल तर ठोकळ्याला फक्त वळवावे लागते. पण तबकडीचा वेग वाढत असेल तर ठोकळ्याचाही वेग वाढला पाहिजे, नाहीतर तो मागे पडेल. हे दुसरे त्वरण वर्तुळाच्या स्पर्शरेषेत, पुढच्या दिशेने असते. एसटीत उभ्याने प्रवास करणाऱ्याला दोन्ही ठाऊक असतात. गाडी सुटताना आपण मागे कलतो आणि घाटातल्या वळणावर बाहेरच्या अंगाला कलतो. चालकाने वळणावरच गाडी पळवली तर आपण बाहेर आणि मागे असे तिरके कलतो. ठोकळ्याला वरचा दांडा नाही की आसनाची पाठ नाही. केंद्राकडे ओढणे आणि पुढे ढकलणे ही दोन्ही कामे त्याच्या तळाच्या घर्षणालाच करावी लागतात.

मात्र दोन गरजांची सरळ बेरीज करायची नाही, कारण त्या काटकोनात आहेत. चौकोनी शेताची एक बाजू ३० पावले आणि दुसरी ४० असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके अंतर ५० पावले भरते, ७० नव्हे. तसेच इथे. केंद्राकडचे त्वरण ही एक बाजू, स्पर्शरेषेतले त्वरण ही दुसरी, आणि घर्षणाला द्यावा लागतो तो कर्ण. कर्ण ३.९२ झाला की ठोकळा सुटतो. माझ्या उदाहरणात स्पर्शरेषेतले त्वरण म्हणजे २० गुणिले ०.१५, बरोबर ३. ते पहिल्या क्षणापासून तेवढेच राहते. मग केंद्राकडच्या बाजूला वाढायला २.५२ एवढीच जागा उरते. तेवढे त्वरण भरायला तबकडी २४ अंश फिरावी लागते.

३ आणि २.५२. मी ‘किरकोळ’ म्हणून सोडून दिलेली बाजू दोहोंपैकी मोठी होती.

हे मला त्या वर्षी कळले नाही. निवृत्तीनंतर जुन्या प्रश्नपत्रिका फाडून टाकताना ते उदाहरण पुन्हा हाताशी आले आणि चहा निवायच्या आत कळले. पण माझी अडचण अशी की आयुष्यभर शिकवलेली गोष्ट निव्वळ कागदावर खोडायला हात धजत नाही. म्हटले, करून पाहू.

एका जुन्या सायकलच्या पुढच्या चाकाचा हब एका पाटात उभा बसवला. त्यावर ४० सेंटीमीटर व्यासाची १२ मिलीमीटर जाडीची प्लायवूडची चकती घट्ट केली. चकतीखाली ५ सेंटीमीटर त्रिज्येची लाकडी गिरकी. तिच्यावर दोरा गुंडाळून कप्पीवरून खाली सोडला आणि टोकाला वजन बांधले. वजन पडू लागले की चकती जवळजवळ स्थिर कोनीय त्वरणाने वेग घेते. किलोभराच्या आसपास वजन लावले की २० हा आकडा मिळतो. हबमधल्या घर्षणामुळे तो आधी नेमका सांगता येत नाही, म्हणून चित्रफितीवरून मोजून वजन कमीजास्त करावे लागले. हाताने सोडताना हिसका बसे, म्हणून चकती एका दोऱ्याने बांधून ठेवून तो दोरा उदबत्तीने जाळायचा, ही जुनी युक्ती वापरली. चकतीवर आलेख कागद चिकटवला, त्यावर सागवानी ठोकळा ठेवला, ३ सेंटीमीटर चौरस आणि १ सेंटीमीटर उंच. तो बुटकाच हवा. उंच ठोकळा घसरण्याआधी कलंडतो आणि मग आपण भलतेच काहीतरी मोजतो.

घर्षण गुणांक काढायला त्याच कागदाची पट्टी फळीवर चिकटवून फळी हळूहळू उचलली. ठोकळा सुटला तेव्हा ६० सेंटीमीटर आडव्या अंतरावर उंची २४ सेंटीमीटर होती. भागाकार ०.४. मग फळी थोडी खाली घेऊन ठोकळ्याला टिचकी मारली आणि तो एकाच संथ गतीने घसरत राहील असा उतार शोधला. तो ०.३च्या जवळ आला. म्हणजे सुटेपर्यंत घर्षण ०.४, आणि एकदा सुटला की ०.३. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

पहिली खेप मुद्दाम संथ ठेवली. वजन अगदी हलके, कोनीय त्वरण सुमारे अर्धा. या खेपेला ठोकळा घसरेपर्यंत चकती चार फेरे मारते आणि दोरा सव्वा मीटरहून जास्त उलगडतो. टेबलावर मांडणी केली तेव्हा वजन आधीच जमिनीवर टेकले, म्हणून सगळा पसारा जिन्याच्या मधल्या चौकात न्यावा लागला. तिथे दुसरी गंमत दिसली. ठोकळा दर वेळी दाराच्या बाजूला आल्यावरच घसरे. चकती तिकडे अर्धा अंश कललेली होती. अर्धा अंश म्हणजे काहीच नाही असे वाटेल, पण त्या उतारावरून गुरुत्वाकर्षणाचा जो ओढा येतो तो ०.०८५, आणि या संथ खेपेतले स्पर्शरेषेतले त्वरण ०.०७५. कललेपणाच जास्त भारी! पाण्याची पातळी लावून पाटाखाली पत्त्यांचे तुकडे सरकवले, मग ठोकळा कुठेही घसरू लागला. ठोकळा खोलीतल्या एकाच दिशेला घसरत असेल तर दोष चकतीच्या पातळीत असतो.

पातळी साधल्यावर संथ खेपेत ठोकळा मिनिटाला ४९ फेऱ्यांच्या आसपास सुटला. माझे सूत्र ४८.८ सांगते आणि तिचेही ४८.८, फरक कितव्या तरी दशांशात. म्हणजे ‘किरकोळ असतं’ हे माझे म्हणणे संथ खेपेपुरते खरे होते. संथ कशाला म्हणायचे, एवढाच प्रश्न उरला.

त्याचे उत्तर फार सुटसुटीत निघते आणि मी ते चाळीस वर्षांत एकदाही काढले नव्हते. चकती स्थिर कोनीय त्वरणाने निघाली असेल तर कोणत्याही क्षणी केंद्राकडचे त्वरण भागिले स्पर्शरेषेतले त्वरण हे गुणोत्तर चकती फिरलेल्या कोनाच्या दुप्पट असते, कोन रेडियनमध्ये धरून. वेग किती जोरात वाढवला आणि ठोकळा केंद्रापासून किती दूर आहे, या दोन्ही गोष्टी भागाकारात उडून जातात. सूत्रात मांडायचे तर घसरण्याची अट अशी :

αr √(1 + 4θ²) = μg

अर्धा रेडियन, म्हणजे साधारण २९ अंश, फिरेपर्यंत स्पर्शरेषेतला भाग मोठा असतो, तिथे दोन्ही समान होतात, आणि पुढे केंद्राकडचा भाग झपाट्याने वाढतो. पाव फेरा झाल्यावर दुसरा भाग सोडून दिला तर एकूण गरजेत पाच टक्क्यांची चूक होते. पुरा एक फेरा झाल्यावर चूक उरते हजारात तीन. तेव्हा ‘हळूहळू’ची मोजणी सेकंदांत नसून फेऱ्यांत आहे. ठोकळा निदान एक फेरा टिकला तर माझे सूत्र बिनधास्त वापरा. माझ्या उदाहरणातला ठोकळा फेऱ्याचा पंधरावा हिस्साच टिकत होता.

आता जलद खेप. दोरा जाळला, पंचमांश सेकंदात काम आटोपले. फोनने सेकंदाला २४० चौकटी टिपल्या होत्या. संगणकावर एकेक चौकट पुढे सरकवत पाहिले. ठोकळा आपल्या जागेवरून हललेला स्पष्ट दिसतो त्या चौकटीत चकती किती फिरली आहे? ३९ अंश. पुन्हा केले, पुन्हा तेच, एखादा अंश इकडेतिकडे. माझे उत्तर ३७, तिचे २४.

खोटे कशाला सांगू, मला बरे वाटले. दोन दिवस मी याच समजुतीत होतो की कागदावरच्या हिशोबात कुठेतरी गफलत आहे आणि लाल शाई बरोबर होती.

तिसऱ्या दिवशी तीच चित्रफीत पाहताना आकडे सोडून ठोकळ्याच्या कोपऱ्याकडे लक्ष गेले. आलेख कागदाचा उपयोग तिथे झाला. माझे म्हणणे खरे असते, म्हणजे केंद्राकडची ओढ तेवढी कमी पडत असती, तर ठोकळ्याने चकतीवर सुरुवातीला सरळ काठाकडे सरकायला हवे होते. कोपरा तसा सरकलाच नव्हता. पहिल्या मिलीमीटरभरातच तो जितका बाहेर गेला होता त्याहून थोडा जास्त मागे गेला होता. बाहेरच्या दिशेपासून साधारण ५० अंश मागे. आता ३ आणि २.५२ या बाजूंचा काटकोन त्रिकोण काढा. त्यातला कोन ५० अंशच येतो. घर्षण ज्या दिशेला कमी पडते तिच्या नेमके उलट ठोकळा निघतो, आणि ती दिशा तिच्या दोन बाणांच्या कर्णाची होती. संथ खेपेत कोपरा आधी सरळ बाहेरच निघत होता. पुढे दोन्ही खेपांत वाट मागे वळते, पण तो फिरत्या चकतीवरून पाहण्याचा परिणाम आहे. म्हणून फक्त पहिला मिलीमीटर पाहायचा. तीन सेंटीमीटर सरकल्यानंतरची वाट पाहून काहीच ठरवता येत नाही.

मग ३९ अंशांचे काय? दिशा तिच्या बाजूने बोलते आणि कोन माझ्या, असे होऊ शकत नाही. गफलत ‘स्पष्ट दिसतो’ या दोन शब्दांत होती. ठोकळा सुटतो त्या क्षणी तो कुठेही गेलेला नसतो. सुटल्यावर घर्षण ०.४वरून ०.३वर येते आणि तेवढ्या तुटीने तो सरकू लागतो. एक मिलीमीटर सरकायला त्याला सुमारे चार शतांश सेकंद लागतात. संथ खेपेत तेवढ्या वेळात चकतीच्या वेगात काही बदल होत नाही. जलद खेपेत मात्र ती तेवढ्यात आणखी दहा अंश फिरून मोकळी होते. माझ्या डोळ्याला हालचाल ‘स्पष्ट’ वाटत होती ती दोन मिलीमीटरला, आणि तिथवर पंधरा अंश गेलेले असत. २४ आणि १५ मिळून ३९. म्हणजे माझ्या पाहण्यातला उशीर आणि माझ्या सूत्रातली चूक दोन्ही जवळपास सारख्या मापाच्या होत्या, आणि एकीने दुसरीला साक्ष दिली होती.

हा उशीर काढून टाकायला एक साधी रीत आहे. त्याच चित्रफितीत तीन वेळा मोजायचे : ठोकळा दोन मिलीमीटर सरकला तेव्हाचा कोन, एक मिलीमीटरचा आणि अर्ध्या मिलीमीटरचा. मला दहा खेपांची सरासरी ३९, ३४ आणि साडेएकतीस अंश मिळाली. बारकाईने पाहावे तसा कोन खाली येत जातो. सरकण्याचे अंतर सुरुवातीला वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून आलेखावर कोनाच्या समोर अंतर न घेता अंतराचे वर्गमूळ घ्यायचे. तिन्ही बिंदू जवळजवळ एका रेषेत आले. रेषा मागे, शून्य अंतरापर्यंत वाढवली तेव्हा ती चोविसाजवळ टेकली. खरेच ३७ला सुटत असता तर दोन मिलीमीटरची चौकट पन्नाशीच्या पुढे गेली असती.

एकेका खेपेचे आकडे मात्र दोनतीन अंशांनी वरखाली होतात आणि ते होणारच. घर्षण गुणांक कागदाच्या घडीवर, बोटांच्या तेलकटपणावर, ठोकळा किती वेळ स्थिर ठेवला यावर हलतो. जास्त वेळ टेकून ठेवलेले लाकूड सुटायला अधिक जोर मागते, हे कुलोंबने अठराव्या शतकातच मोजून ठेवले आहे. मी प्रत्येक वेळी ठोकळा ठेवल्यावर मिनिटभर थांबून मगच दोरा जाळत असे आणि दहा खेपांनंतर कागद बदलत असे, कारण ठोकळ्याखालची जागा गुळगुळीत होऊन आकडे हळूहळू खाली घसरतात. संथ खेपेच्या वेगावर या गडबडीचा परिणाम निम्माच दिसतो, कारण वेग गुणांकाच्या वर्गमूळाने बदलतो. गुणांक दहा टक्के चुकला तरी वेग पाचच टक्के चुकतो. म्हणून नुसत्या वेगावरून दोन सूत्रांमधला वाद सोडवणे अवघड जाते. सुरुवातीची दिशा मात्र लपत नाही.

त्या वर्षाच्या उत्तरपत्रिका कधीच रद्दीत गेल्या. ती मुलगी आता कुठे असते हे मला ठाऊक नाही, आणि तिचे गेलेले तीन गुण कुठे भरून देता येतील असेही नाही. उदाहरणांची वही तेवढी माझ्याजवळ आहे. त्या पानावर ३७ खोडून २४ लिहिले आहे, बाजूला दोन बाणांची आकृती काढली आहे आणि तिचे ते तीन शब्द लिहून ठेवले आहेत.